टाकी कुणी रिकामी केली?

सहावी-सातवीच्या मुलांना उतारा देऊन खाली प्रश्न विचारले की अनेक मुलं एक सोपी युक्ती वापरतात. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उत्तर म्हणून उतरवायचं. उत्तर बरोबर येतं, गुणही मिळतात. पण ‘त्याने ताट तसंच सरकवलं आणि दप्तर उचललं’ हे वाक्य वाचून ‘तो रागावला होता का?’ असं विचारलं, की हीच मुलं अडतात. कारण उताऱ्यात ‘राग’ हा शब्दच नसतो. न लिहिलेलं, पण लिहिलेल्यावरून कळणारं असं जे असतं, ते वाचण्याचा सराव त्यांना मिळालेला नसतो.

हा सराव देण्याची एक चांगली रीत म्हणजे वर्गात खेळायचा गुप्तहेराचा खेळ. ब्रिटनमध्ये डेव्हिड लीट आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी १९९८ साली भूगोलाच्या अध्यापनावर एक पुस्तक काढलं. त्यात ‘मिस्टरीज’ नावाची पद्धत आहे. मुलांना एक प्रश्न आणि माहितीच्या सुट्या चिठ्ठ्या मिळतात, त्या लावून, जोडून, नको त्या बाजूला काढून मुलांनी उत्तर उभं करायचं असतं. मराठीच्या तासाला हाच खेळ कसा रचता येतो, ते एका प्रकरणातून पाहू.

प्रकरण असं: सोमवारी सकाळी शाळेची पाण्याची टाकी कोरडी निघाली. पाणी गेलं कुठे? चार-चार मुलांच्या प्रत्येक गटाला सहा कागद मिळणार आहेत, पण सगळे एकदम नाहीत. आधी चार.

पहिला कागद शिपाईमामांच्या नोंदीचा: शुक्रवारी रात्रीपासून वीज नव्हती, शनिवारी सकाळी टाकीत थेंब नव्हता, साडेअकराला वीज आल्यावर मोटार लावली, साडेबाराला टाकी भरली, फाटकाला कुलूप लावून घरी गेलो. दुसरा कागद वेळापत्रकाचा: शनिवारची शाळा साडेसात ते अकरा. तिसरा आठवीतल्या मुलाचा जबाब: शुक्रवारी आमचा चेंडू लागून टाकीचं झाकण पडलं. चौथा शेजारच्या आजींचा: “रविवारी दुपारी दोन पोरं कुंपणावरून आत उतरून चेंडू शोधत होती. बाहेर आली तेव्हा चपला चिखलानं भरलेल्या. मी ओरडले त्यांना. माझ्या कोंबड्या मात्र मजेत होत्या. शनिवारी संध्याकाळपासून कुंपणाबाहेरच्या चारीत पाणी वाहत होतं, तिथून हलायला तयार नव्हत्या.”

इथे थांबून प्रत्येक गटाने आपला पहिला निष्कर्ष लिहायचा. संशय रविवारच्या मुलांवर जाणं साहजिक आहे, कारण आजी त्यांच्यावर रागावल्या आहेत आणि चिखलही आहे. मग उरलेले दोन कागद वाटायचे. पाचवा परसबागेच्या वहीतला: ‘शनिवार, वेळ साडेदहा. पाळी सहावीची. पाणी आले नाही म्हणून झाडांना दिले नाही. नळी वांग्याच्या वाफ्यात आहे.’ सहावा एका मुलीची चिठ्ठी: सोमवारी वांग्याच्या वाफ्यात पाय घोट्यापर्यंत रुतला, शेजारचा मिरचीचा वाफा मात्र ठणठणीत कोरडा होता.

आता वाचन खऱ्या अर्थाने सुरू होतं. ‘पाणी आले नाही’ हे कळायला कुणीतरी नळ सोडून पाहिला असला पाहिजे. तो पुन्हा बंद केल्याचं वहीत नाही. मुलं अकराला घरी गेली, वीज साडेअकराला आली. म्हणजे पाणी सुरू झालं तेव्हा बागेत बघायला कुणी नव्हतं. पाणी गेलं ते नळी जिथे पडली होती त्याच वाफ्यात. आणि आजींच्या कोंबड्यांच्या वाक्यातून रविवारची मुलं सुटतात, कारण चारीत पाणी शनिवारी संध्याकाळीच आलं होतं. झाकणाचा कागद निव्वळ चकवा आहे. झाकण पडल्याने टाकी रिकामी होत नाही. ‘नळ उघडा राहिला’ हे वाक्य सहांपैकी एकाही कागदात नाही, तरी मुलं तिथे पोहोचतात.

खेळाचा कणा म्हणजे पुराव्याचा तक्ता. त्यात तीन रकाने: कागदात काय लिहिलं आहे, त्यावरून काय कळतं, आणि कागदाचा क्रमांक. नियम एकच, क्रमांक आणि अधोरेखित वाक्य दाखवल्याशिवाय कुणाचंही म्हणणं तक्त्यात जात नाही. ‘मामा नेहमीच विसरतात’ असं एखादा म्हणाला, तर गटातल्याच कुणीतरी विचारायचं, “कुठे लिहिलंय?” पहिला आणि दुसरा रकाना वेगळा ठेवणं फार महत्त्वाचं आहे, कारण वाचलेलं आणि आपण ताडलेलं यातली सीमारेषा मुलांना तिथेच दिसते. शेवटी प्रत्येक निष्कर्षापुढे ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘सांगता येत नाही’ यांपैकी एक लिहायचं. रविवारच्या मुलांनी पाणी सुरू केलं नाही, हे नक्की. नळ सहावीच्या मुलांकडून उघडा राहिला, हे बहुधा; वहीत नोंद नाही एवढ्यावरून नळ बंद केलाच नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. या एका मुद्द्यावर वर्गात चांगला वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. सगळ्या खेळाला दोन तासिका लागतात.

खेळ फसतो तो बहुतेक वेळा रचनेत. खूण फार उघड लिहिली, तर मुलं पुन्हा शब्द शोधण्यावरच येतात. सांकेतिक लिपी आणि अंककोडी घातली, तर मजा येते पण वाचन बाजूला पडतं. गटातला एकच चलाख मुलगा सगळं वाचून उत्तर सांगून टाकतो, तो धोकाही असतोच. त्यावर उपाय म्हणजे कागद मुलांत वाटून द्यायचे, आणि ज्याच्याकडे जो कागद त्यानेच तो गटाला समजावून सांगायचा. आरोपी वर्गातलं खरं मूल किंवा खऱ्या चोरीचा प्रसंग कधीही घेऊ नये.

अशा सरावाला संशोधनाचाही आधार आहे. निकोला यूल आणि जेन ओकहिल यांनी १९८८ साली इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांच्या, शब्द नीट वाचणाऱ्या पण अर्थ कमी कळणाऱ्या मुलांना शब्दांतून न सांगितलेलं ताडायला आणि मजकुराला प्रश्न विचारायला शिकवलं. शब्द जलद वाचण्याचा सराव केलेल्या तशाच मुलांपेक्षा त्यांचं आकलन अधिक सुधारलं. यातच मर्यादाही आली. जे मूल अक्षरं जुळवतानाच दमतं, त्याला आधी वाचनाचाच सराव हवा. गटात दुसऱ्याने मोठ्याने वाचलेलं ऐकून ते तर्कात भाग घेऊ शकतं, पण तेवढ्याने त्याचं वाचन सुधारणार नाही.

खेळ कामी आला का, हे मुलांच्या उत्साहावरून ठरवू नये. आठवडाभराने पाठ्यपुस्तकातला एखादा साधा धडा घ्यावा, ज्यात ना गुन्हा आहे ना संशयित, आणि तोच तीन रकान्यांचा तक्ता भरायला सांगावा. पात्राला काय वाटलं, त्याने असं का केलं, हे मुलं वाक्य दाखवून सांगू लागली, तर खेळातलं वाचन धड्यात उतरलं. नाही उतरलं, तर पुढचं प्रकरण रचताना रहस्य कमी करा आणि तक्त्याला वेळ जास्त द्या.