बर्नर बंद, तरी पाणी गरम!

शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम कॉस्टिक सोड्याचे दाणे हळूहळू विरघळवले. तापमापीकडे पाहणारी जुई चमकली. पारा २५ अंशांवरून ३५च्या आसपास! "बाई, बर्नर तर बंद आहे!"

दाण्यात सोडियम आणि हायड्रॉक्साइडचे आयन घट्ट बांधलेले असतात. ते सुटे करायला ऊर्जा खर्च होते. पण सुट्या आयनांना पाण्याचे रेणू बिलगतात, तेव्हा त्याहून जास्त ऊर्जा बाहेर पडते. ही वरची शिल्लकच पाणी तापवते. (नवसागराचा हिशेब उलटा, त्याने पाणी गार होतं.)

दाण्यांवर पाणी मात्र कधीच ओतू नका. तेवढंसं पाणी क्षणात उकळून दाहक शिंतोडे उडतात. बाईंनी चष्मा आणि हातमोजे घातले होते ते त्यासाठीच.