वर्षभर गप्प असलेल्या ग्राहकाला पहिला मेसेज

जुन्या ग्राहकाला वर्षभरानंतर पाठवायच्या मेसेजमध्ये बहुतेक जण एकच वाक्य लिहितात: "काही काम असेल तर सांगा." या वाक्याला उत्तर येत नाही, याचं कारण उद्धटपणा नव्हे. काम आहे का, कोणतं, ते याच माणसाला द्यायचं का, हा सगळा विचार या वाक्याने ग्राहकावर टाकलेला असतो. दुकानाच्या गडबडीत तो "नंतर बघू" म्हणून मेसेज खाली सरकवतो, आणि तो मेसेज पुन्हा वर येत नाही. काम पुन्हा सुरू व्हायचं असेल तर हा विचार पाठवणाऱ्याने आधीच करून ठेवावा लागतो.

स्वतंत्रपणे काम करणारा एक पॅकेजिंग डिझायनर आणि घरगुती फराळाचा व्यवसाय वाढवलेल्या एक बाई, असं उदाहरण घेऊ. 2024 च्या दिवाळीसाठी त्याने त्यांच्या एक किलोच्या फराळाच्या बॉक्सचं डिझाइन केलं. बिल चुकतं झालं, दिवाळी पार पडली, आणि पुढे दोघांकडूनही फोन नाही. 2025 चा जुलै लागला आहे.

मेसेज लिहिण्यापूर्वी जुन्या कामाची फाइल उघडून एक गोष्ट पाहायची: काम कुठे थांबलं होतं? ग्राहकाला फक्त छपाईची पीडीएफ दिली होती, की कोरलड्रॉची मूळ फाइलही? मूळ फाइल प्रेसकडे गेली असेल तर तिथलाच ऑपरेटर किंमत आणि तारीख बदलून बॉक्स छापून देऊ शकतो. वर्षभराच्या शांततेचं हे अगदी साधं कारण असू शकतं आणि त्यात नाराजीचा भाग नसतो. अशा वेळी किरकोळ बदलांसाठी विचारण्यात अर्थ नाही. नवं माप, नवा पदार्थ किंवा भेटीचा मोठा बॉक्स यांबद्दलच विचारावं. जुनं बिल थकलेलं असेल तर मात्र आधी त्याची स्वतंत्र आठवण करावी. वसुली आणि नव्या कामाची विचारणा एकाच मेसेजमध्ये आली की ग्राहक दोन्ही टाळतो.

त्यानंतर वेळेचा हिशेब. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये ते 21 ऑक्टोबरला आलं, म्हणजे 11 दिवस आधी. गेल्या वर्षीची तारीख पाहून त्याच सुमारास मेसेज पाठवणारा यंदा तेवढाच मागे पडतो. परदेशात जाणारा फराळ दिवाळीच्या बराच आधी निघतो, म्हणून बॉक्स सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हातात हवेत. त्याच्या आधी गणपती: 27 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर. त्या दिवसांत आणि त्याआधीही छापखाने पावतीपुस्तकं, अहवाल, निमंत्रणपत्रिका यांत बुडालेले असतात. म्हणजे डिझाइन, प्रूफ आणि दुरुस्त्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात संपायला हव्यात आणि मेसेज जुलैत जायला हवा. हा हिशेब फराळवाल्या बाईंनी कदाचित अजून केलेला नसेल. तो त्यांच्यापुढे ठेवणं हेच मेसेज पाठवण्याचं खरं कारण, आणि ते त्यांच्या फायद्याचं आहे.

मेसेज साधारण असा होईल:

"नमस्कार ताई, गेल्या वर्षी तुमच्या एक किलोच्या फराळ बॉक्सचं डिझाइन केलं होतं, तो मी. खाली त्या बॉक्सचा फोटो आहे. यंदा लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा 11 दिवस आधी आहे. गणपतीत प्रेस मोकळे नसतात, त्यामुळे बॉक्सचं काम ऑगस्टच्या मध्यापर्यंत प्रेसला गेलेलं बरं. माप तेच असेल तर जुना डाय चालेल, नवा करावा लागणार नाही. यंदा तोच बॉक्स ठेवायचा की नवा करायचा? 'तोच' किंवा 'नवा' एवढं कळवलंत तरी चालेल." खाली पूर्ण नाव.

यात पहिलं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. वर्षभरात फोन बदललेला असतो, नंबर सेव्ह राहिलेला नसतो, आणि व्हॉट्सअॅपच्या यादीत मेसेजची फक्त सुरुवात दिसते. ती जागा "कसे आहात, बऱ्याच दिवसांत बोलणं नाही" यात गेली तर कोण लिहितंय हेच कळत नाही. नुसतं "हाय" लिहून उत्तराची वाट पाहणं तर फारच वाईट. अनोळखी नंबरवरून आलेली फाइल उघडायला लोक आता घाबरतात आणि ते योग्यच आहे. म्हणून पोर्टफोलिओची पीडीएफ न जोडता बाईंच्याच बॉक्सचा फोटो पाठवायचा. आपला बॉक्स माणूस लगेच ओळखतो.

डायचा उल्लेखही विचारपूर्वक आहे. पुठ्ठ्याचा बॉक्स ठरावीक आकारात कापायला आणि घड्या पाडायला धातूच्या पात्यांचा साचा लागतो, त्याला छपाईवाले डाय म्हणतात. माप बदललं नाही तर तोच डाय पुन्हा वापरता येतो आणि त्याचा खर्च वाचतो. दरात सवलत देऊ करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण सवलतीने आपलं काम स्वस्त होतं आणि डायने ग्राहकाचा खर्च. मात्र डाय प्रेसकडे शाबूत आहे का, हे मेसेज पाठवण्याआधी फोन करून विचारायलाच हवं.

संबोधन गेल्या वर्षी जे होतं तेच ठेवावं. त्या वेळी "ताई" म्हणत असू तर आता "मॅडम" लिहिल्याने नकळत अंतर पडतं, आणि "मॅडम"वरून एकदम "ताई"वर येणं लघळपणाचं वाटतं. वर्षभर संपर्क न ठेवल्याबद्दल लांबलचक माफी मागायचीही गरज नाही. गप्प दोघेही होते, आणि माफी वाचून ग्राहकालाच अवघडल्यासारखं होतं. काम कमी आहे, हात मोकळे आहेत, असं तर मुळीच लिहू नये.

मोठ्या कंपनीत एक वेगळी अडचण येते. ज्या अधिकाऱ्याने काम दिलं तोच वर्षभरात नोकरी बदलून गेलेला असतो. तिथे आधी कार्यालयात फोन करून आता ते काम कोण पाहतं ते विचारावं आणि त्या व्यक्तीला जुन्या कामाचा संदर्भ देऊन ईमेल करावी.

उत्तर न आल्यास खुणा पाहाव्यात. कित्येक दिवस एकच टिक असेल तर बहुधा नंबर बंद आहे किंवा बदलला आहे. दुकानाच्या नंबरवर फोन करावा. मेसेज वाचला गेला पण उत्तर नाही, तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करावी आणि तीही नव्या माहितीसह, जसं की प्रेसने सांगितलेली शेवटची तारीख. "बघते, सांगते" असं उत्तर आलं तर त्यात होकारही नाही आणि नकारही नाही. त्यावर दर पाठवण्याची घाई करू नये. "गेल्या वेळी किती घेतले होते?" असा प्रश्न आला तर मात्र काम जवळ आलं आहे. तेव्हा जुना आकडा आणि यंदाचा आकडा दोन्ही त्याच दिवशी स्पष्ट लिहून द्यावेत.

दुसऱ्या मेसेजनंतरही उत्तर नसेल तर तिथेच थांबावं. तिसरा मेसेज यंदाचं काम आणत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारण्याची जागाही घालवतो.