गच्चीवरची टाकी किती लीटरची? बाहेरून नाही, आतून मोजा



आमच्या शाळेच्या गच्चीवर विटांची, सिमेंटने गिलावा केलेली आयताकृती टाकी आहे. तिच्यावर ऑइल पेंटने लिहिलेलं होतं, 'क्षमता ५४०० लीटर'. मी या शाळेत आल्यापासून तो आकडा तसाच होता आणि कुणीच त्याच्याविषयी शंका घेतली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात नळाचं पाणी बंद झालं आणि टँकर मागवावा लागला. टाकी ५४०० ची, म्हणून टँकर ५००० लीटरचा सांगितला. टाकी जवळपास रिकामीच होती. टँकरवाल्याने पाइप वर चढवला, मोटार सुरू केली आणि तो सावलीत जाऊन बसला. आम्ही वर्गात. थोड्या वेळाने मुलं ओरडत आली, "बाई, मागच्या बाजूला पाणी वाहतंय!" ओव्हरफ्लोचा पाइप शाळेच्या मागे निघतो. तिथून पाणी सरळ ओढ्याकडे चाललं होतं.

मग वाद सुरू झाला. टँकरवाला म्हणाला, "मी पाच हजार पुरे ओतले." समितीतले एक काका म्हणाले, "टाकी चोपन्नशेची, मग पाच हजारात भरून वाहिली कशी? टाकीत आधीच पाणी असणार." शिपाईमामा म्हणाले, "सकाळी मी बघितलं, तळाला थोडंसंच होतं." तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. खोटा होता तो टाकीवरचा आकडा. हे सिद्ध करायला पाचवीचं गणित पुरलं, म्हणून तो पाठ इथे देत आहे.

आधी लीटर म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणू

'लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची' हे सूत्र मुलांना पाठ असतं. पण त्या गुणाकारातून लीटर कुठून येतात हे विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून मी सूत्राआधी पुठ्ठ्याचा एक डबा करून घेते. लांबी १० सेमी, रुंदी १० सेमी, उंची १० सेमी. त्यात प्लास्टिकची पिशवी अंथरायची आणि एक लीटरच्या बाटलीने पाणी ओतायचं. डबा बरोबर काठोकाठ भरतो. म्हणजे १० सेमी बाजूचा घन हाच एक लीटर.

आता प्रश्न सोपा झाला. टाकीत असे किती डबे बसतील? जितके डबे, तितके लीटर. आणि डबे बसणार ते टाकीच्या पोकळीत, भिंतीत नाही. आतून का मोजायचं याचं सगळं उत्तर या एका वाक्यात आहे.

मापं कशी घेतली

टाकी धुवायची होतीच, तेव्हा ती पूर्ण रिकामी केली. झाकण बराच वेळ उघडं ठेवून हवा खेळू दिली. मग शिपाईमामा आत उतरले आणि मी वर झाकणाशी थांबले. मुलांना टाकीत उतरवू नका आणि गच्चीच्या कडेलाही नेऊ नका. मुलांचं काम खाली वर्गात, आकडे हातात आल्यावर.

गवंड्याने बांधलेली टाकी अगदी काटकोनात नसते आणि तळाला उतार दिलेला असतो, म्हणून प्रत्येक माप तीन ठिकाणी घेतलं.

आतली लांबी: १९९, २०१, २०० सेमी. सरासरी २०० सेमी.
आतली रुंदी: १५१, १४९, १५० सेमी. सरासरी १५० सेमी.
तळापासून ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या खालच्या कडेपर्यंत: १०४, १०५, १०६ सेमी. सरासरी १०५ सेमी.

तिसरं माप नीट बघा. तळापासून झाकणापर्यंत आतली उंची १२० सेमी आहे. पण पाणी तिथपर्यंत कधीच चढत नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपाची खालची कड गाठली की ते बाहेर पडायला लागतं. म्हणून पाण्याची उंची १०५ सेमी धरायची, १२० नाही. ज्या टाकीला पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक आहे, तिथे तो ज्या पातळीला पाणी थांबवतो ती उंची धरायची.

टेपच्या सेंटिमीटरच्या बाजूनेच मोजा. फूट आणि इंचात मोजलं की एक चूक हमखास होते. ६ फूट ७ इंच हे माप मुलं (आणि मोठेही) ६.७ फूट असं लिहितात. फुटात १२ इंच असतात, त्यामुळे ६ फूट ७ इंच म्हणजे साधारण ६.५८ फूट.

आता डबे मोजू

वर्गाच्या फरशीवर खडूने २०० सेमी बाय १५० सेमीचा आयत काढला. हा टाकीचा तळ. त्यात १० सेमीचे डबे मांडायचे. लांबीत २० डबे, रुंदीत १५ डबे. तळावर एका थरात २० × १५ = ३०० डबे. म्हणजे १० सेमी उंचीचा पाण्याचा एक थर ३०० लीटरचा.

उंची १०५ सेमी, म्हणजे दहा पूर्ण थर आणि एक अर्धा थर.

१० थर: ३०० × १० = ३००० लीटर
अर्धा थर: १५० लीटर
एकूण: ३१५० लीटर

हेच घनमीटरमध्ये केलं तर २ × १.५ × १.०५ = ३.१५ घनमीटर. एका घनमीटरमध्ये १००० लीटर, म्हणून ३१५० लीटर. सेंटिमीटरमध्ये केलं तर २०० × १५० × १०५ = ३१,५०,००० घनसेंमी. १००० घनसेंमीचा एक लीटर, म्हणून पुन्हा ३१५०. तिन्ही वाटांनी उत्तर एकच यायला हवं.

मग ५४०० आले कुठून?

हा प्रश्न मुलांनीच विचारला. मी म्हटलं, टाकी बाहेरून मोजून बघू. शिपाईमामांनी बाहेरची मापं आणली: लांबी २३० सेमी, रुंदी १८० सेमी, उंची १३० सेमी. मुलांनी गुणाकार केला:

२.३ × १.८ × १.३ = ५.३८२ घनमीटर, म्हणजे ५३८२ लीटर.

वर्गात एकच गलका झाला. टाकीवरचा आकडा सापडला होता! कुणीतरी बाहेरून टेप लावून हिशेब केला आणि ५४०० लिहून टाकले.

भिंत गिलाव्यासकट १५ सेमी जाड आहे. १५ सेमी ऐकायला थोडे वाटतात, पण लांबीत दोन भिंती येतात आणि रुंदीतही दोन. म्हणून दोन्हीकडे ३०-३० सेमी कमी होतात. तळाची जाडी १० सेमी. आतली सगळी पोकळी, झाकणापर्यंत धरली तरी, २ × १.५ × १.२ = ३.६ घनमीटर, म्हणजे ३६०० लीटर. ५३८२ मधून ३६०० वजा केले तर १७८२. इतक्या लीटरची जागा नुसत्या विटा, सिमेंट आणि तळ यांनी व्यापली आहे. ओव्हरफ्लोच्या वरची १५ सेमी पोकळी आणखी ४५० लीटरची. दोन्ही मिळून २२३२ लीटर. ५३८२ वजा २२३२, बरोबर ३१५०.

त्या दिवशी काय झालं तेही आता कळलं. टाकीत आधी १५० लीटर होते (ते का, पुढे सांगते). म्हणजे तिच्यात आणखी ३००० च मावणार होते. बाकीचे २००० लीटर, आम्ही पैसे मोजलेले, ओढ्यात गेले.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची होती. टाकीत टीसीएल पावडर लीटरच्या हिशेबाने टाकतात. आमच्याकडे ती ५४०० धरून मोजली जात होती, म्हणजे टाकी भरलेली असतानाही दीडपटीहून जास्त. पाण्याला वास येतो अशी मुलांची तक्रार होती, ती उगाच नव्हती.

वापरायला किती मिळतं?

नळाकडे जाणारा पाइप अगदी तळाशी नसतो. गाळ नळात येऊ नये म्हणून तो थोडा वर बसवतात. आमच्या टाकीत तो तळापासून ५ सेमीवर आहे. त्याच्या खालचं पाणी नळाला येतच नाही. अर्धा थर, म्हणजे १५० लीटर. म्हणून टाकीची धारकता ३१५० लीटर, पण वापरायला मिळतात ३००० लीटर.

तळाच्या कडांना गवंडी सिमेंटची गोलाई देतो, तिचं काय असं एका सहकाऱ्याने विचारलं. आमच्या टाकीत ती साधारण ५ सेमीची आहे. चारही कडा मिळून तिने ४ लीटरसुद्धा कमी होत नाहीत. ती सोडून द्यावी. पण टाकीच्या आत खांब किंवा मधली भिंत असेल, तर तिचं घनफळ वजा करायलाच हवं.

उत्तर चुकलं हे कसं ओळखायचं?

एकाने लांबी मीटरमध्ये आणि बाकी सेंटिमीटरमध्ये घेऊन २ × १५० × १०५ = ३१,५०० लीटर काढले. दुसरीने ३.१५ घनमीटरला १०० ने गुणून ३१५ लीटर लिहिले. दोघांनाही मी चूक म्हटलं नाही. फक्त विचारलं, "आपल्या व्हरांड्यातलं निळं पिंप २०० लीटरचं. मग टाकीत किती पिंपं?" ३१५ म्हणजे दीड पिंप, आणि फरशीवरचा खडूचा आयत तर समोरच होता. ३१,५०० म्हणजे पाच हजारांचे सहा टँकर. दोघेही स्वतःच हसले. ३१५० म्हणजे जवळपास १६ पिंपं, हे पटण्यासारखं आहे.

एक सेंटिमीटर म्हणजे ३० लीटर

१० सेमीचा थर ३०० लीटर, तर १ सेमीचा थर ३० लीटर. हा आकडा आम्ही टाकीच्या झाकणावर लिहून ठेवला. आता स्वच्छ काठी तळापर्यंत उभी सोडायची, ओला भाग मोजायचा आणि ३० ने गुणायचं.

पुढच्या वेळी काठी ३५ सेमी ओली झाली. ओव्हरफ्लोपर्यंत ७० सेमी बाकी, म्हणजे ७० × ३० = २१०० लीटरची जागा. आम्ही २००० लीटरचा छोटा टँकर मागवला. पाणी भरल्यावर काठी १०१ सेमी. वाढ ६६ सेमी, म्हणजे १९८० लीटर. २० लीटरचा फरक काठीवर एक सेमीसुद्धा नाही, तेव्हा तो मोजण्यातला धरायचा. टँकरवाला तोच होता. काका त्याला म्हणाले, "मागच्या वेळी तुम्हाला उगाच बोललो." टाकीवरचा जुना आकडा आता पुसला आहे.

सरावासाठी

एका घराच्या टाकीची आतली लांबी १६० सेमी, आतली रुंदी १२० सेमी. तळापासून ओव्हरफ्लो ९० सेमीवर आणि नळाचा पाइप ५ सेमीवर आहे. टाकीची धारकता किती? वापरायला किती पाणी मिळेल? काठीचा एक सेमी म्हणजे किती लीटर?

(उत्तरे: १७२८ लीटर, १६३२ लीटर, १९.२ लीटर)