स्टेनगन अडकते कुठे?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाला स्टेनगन मिळायची तेव्हा तिच्या मॅगझिनमध्ये ३२ काडतुसे मावत. अनुभवी सैनिक मात्र तिच्यात २८ किंवा ३०च भरत. लढाईत एकेक गोळी मोलाची, तरी ते दोन-चार गोळ्या मुद्दाम कमी ठेवत. बंदूक ऐन वेळी अडकू नये म्हणून हे करावे लागे, आणि दोष बहुतेक वेळा बंदुकीत नसून तिला लावलेल्या त्या पत्र्याच्या डब्यात असे.

मॅगझिनचे काम वाटते तितके सोपे नाही. स्टेन मिनिटाला साधारण साडेपाचशे गोळ्या झाडते, म्हणजे दर सेकंदाला नऊ. बोल्ट मागे जाऊन परत पुढे येईपर्यंतच्या निमिषमात्रात स्प्रिंगने काडतुसांची सगळी चळत ढकलून पुढचे काडतूस जागेवर आणायचे असते. स्प्रिंग आणि काडतुसे यांच्यामध्ये फॉलोअर नावाची पट्टी असते. ती स्प्रिंगचा जोर काडतुसांना देते आणि त्यांना तिरपे होऊ देत नाही. मॅगझिनच्या तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा असतात, त्या फीड लिप्स. पहिले काडतूस त्यांच्याखाली थांबते आणि बोल्टने ढकलल्यावर त्यांच्यातून सुटून चेंबरकडे जाते. ते कोणत्या कोनात आणि कोणत्या क्षणी सुटणार, हे या कडाच ठरवतात.

म्हणजे साऱ्या यंत्रणेतले सर्वांत नेमके माप बंदुकीच्या भक्कम भागात नसते, तर पातळ पत्र्याच्या दोन कडांवर असते. आणि हाच भाग खिशात कोंबला जातो, दगडावर पडतो, एकमेकांवर आदळतो. कडा आत दबल्या की काडतूस घट्ट धरले जाते, बोल्टला ते सहज सुटत नाही किंवा ते नाक खाली करून समोरच्या कडेवर आपटते. कडा बाहेर फाकल्या की काडतूस वेळेआधीच उसळून वर येते आणि वाकडे होऊन अडकते. फरक एखाद्या मिलिमीटरपेक्षाही कमी असतो, त्यामुळे नुसत्या नजरेला मॅगझिन ठीकच दिसते.

स्टेनचे मॅगझिन जर्मन एमपी ३८ आणि एमपी ४० या बंदुकांच्या मॅगझिनवर बेतलेले होते. त्यात काडतुसे दोन रांगांत बसत, पण तोंडाशी दोन्ही रांगा एकच होत. दोन रांगांतली माणसे एका अरुंद दारातून एकदम बाहेर पडू लागली तर खांद्याला खांदा अडतो, तसेच तिथे होई. अरुंद होत जाणाऱ्या भागात काडतुसे एकमेकांवर आणि भिंतींवर घासत. थोडी माती गेली, पत्र्याला पोचा पडला की घर्षण वाढे. त्यावर मात करायला स्प्रिंग जोरदार हवी, आणि स्प्रिंग जोरदार असल्यामुळे शेवटची काडतुसे बोटांनी भरणे इतके अवघड जाई की भरण्यासाठी वेगळे अवजार दिले जाई.

आता २८ गोळ्यांचे कारण कळते. मॅगझिन ठासून भरले की स्प्रिंग जवळजवळ पूर्ण दबते, वरचे काडतूस कडांवर जोराने दाबले जाते आणि बोल्टला ते सरकवताना जास्त जोर लागतो. शिवाय मर्यादेपलीकडे दबलेल्या स्प्रिंगला कायमची बसकण येते. मग उलटा त्रास सुरू होतो. शेवटच्या काही गोळ्यांच्या वेळी, जेव्हा स्प्रिंग सर्वांत सैल असते, तेव्हा काडतूस वेळेवर वर येत नाही आणि बोल्ट रिकामाच पुढे जातो. बंदूक सुरुवातीला अडकते की शेवटी, यावरूनच कितीतरी अंदाज बांधता येतो. सुरुवातीला अडकली तर आधी जास्त दाब किंवा आत दबलेल्या कडा पाहाव्यात, शेवटी अडकली तर थकलेली स्प्रिंग. फॉलोअर तिरका होऊन भिंतीत रुतला असेल तर मात्र ती कुठेही थांबू शकते.

स्टेनला आणखी एक खोड होती. मॅगझिन डाव्या बाजूला आडवे लागे, त्यामुळे हाताला ती मूठच वाटे. मॅगझिन पकडून गोळीबार केला की ते आपल्या खाचेत हलून काडतुसाचा कोन बदलत असे. म्हणून ते धरू नका, असे सैनिकांना शिकवावे लागे.

जॉर्ज पॅचेट यांनी स्टर्लिंग बंदूक घडवताना हा सगळा अनुभव मॅगझिनमध्ये उतरवला. ३४ गोळ्यांच्या त्या मॅगझिनमध्ये काडतुसे शेवटपर्यंत दोन रांगांतच राहतात आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सुटतात, म्हणून तोंडाशी चेंगराचेंगरी होत नाही. फॉलोअरला रूळ आहेत, ते घासण्याऐवजी फिरतात. नऊ मिलिमीटरचे काडतूस बुडाशी किंचित जाड असते, त्यामुळे चळत आपोआप वाकत जाते. मॅगझिनही तेवढेच वाकवले आहे. ब्रिटनने ही बंदूक १९५३ मध्ये स्वीकारली. पुढे कानपूरच्या कारखान्यात ती कार्बाइन म्हणून तयार होऊ लागली आणि आपल्याकडच्या लष्कराच्या व पोलिसांच्या हातात अनेक वर्षे राहिली.

शस्त्रागारातली जुनी पद्धत अजूनही उपयोगाची आहे. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालायचा, आणि बंदूक अडकली की तो टिपून ठेवायचा. तेच मॅगझिन दुसऱ्या बंदुकीतही अडकले तर बंदूक खोलून बसायचे कारण उरत नाही. ते मॅगझिन बाजूला काढून आधी आतली घाण पुसायची, मग स्प्रिंगची लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून पाहायची. कडा वाकल्या असतील तर मात्र पक्कडीने सरळ करण्याच्या भानगडीत न पडता मॅगझिनच बाद करायचे. एकदा वाकलेला पत्रा त्याच जागी कमजोर होतो आणि पुन्हा तिथेच वाकतो.