‘आपणच ठरवावे’ या उत्तरानंतर

कामासंबंधी एखादा खुलासा विचारावा आणि ‘काहीही चालेल’ किंवा ‘आपणांस योग्य वाटेल तसे करावे’ असे उत्तर यावे, हा अनुभव कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकास येतो. अशा वेळी सामान्यतः दोन मार्ग अवलंबिले जातात. काही जण तोच प्रश्न पुन्हा पाठवितात आणि काम खोळंबून राहते. काही जण मनाशी एक निर्णय घेऊन काम पुरे करतात, पण तो कोणत्या आधारावर घेतला हे कोठेही नमूद करीत नाहीत. पहिल्या मार्गात वेळ जातो. दुसऱ्या मार्गातील चूक काम झाल्यावरच उघडकीस येते. याहून सरळ असा तिसरा मार्ग आहे. सारासार विचाराने एक पर्याय धरावा, तो स्पष्ट शब्दांत कळवावा आणि काम पुढे न्यावे. हा मार्ग एका उदाहरणाने समजून घेऊ.

एका गावातील प्राथमिक शाळेला पाण्याची टाकी हवी होती. मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीमार्फत पाणीपुरवठा उपविभागाकडे मागणी केली. कनिष्ठ अभियंत्यांनी विचारले, “टाकी किती क्षमतेची हवी?” उत्तर आले, “आपणांस योग्य वाटेल तेवढी.”

या उत्तरात बेपर्वाई होती, असे समजणे चूक ठरेल. मुख्याध्यापकांना मुलांची संख्या माहीत होती, नळाची वेळ माहीत होती. पण लिटरचा हिशेब त्यांच्या रोजच्या व्यवहारातला नव्हता. पर्यायांतील फरक ठाऊक नसला म्हणजे मनुष्य निर्णय जाणत्याकडे सोपवितो. म्हणून ‘काहीही चालेल’ याचा अर्थ बहुधा ‘परिणाम कोणताही झाला तरी चालेल’ असा नसतो.

प्रत्यक्षात पर्यायांतील फरक मोठा होता. शाळेत विद्यार्थी व शिक्षक मिळून १२५ जण. केवळ पिण्यासाठी माणशी ५ लिटर धरले तर दिवसाला ६२५ लिटर लागतात. १,००० लिटरची एक टाकी पुरते. परंतु हात धुणे आणि स्वच्छतागृह यांचाही विचार केला, तर दिवसा भरणाऱ्या शाळेसाठी भारतीय मानकांत दरडोई दररोज ४५ लिटरचे प्रमाण दिलेले आहे. त्यानुसार १२५ जणांस ५,६२५ लिटर, म्हणजे सुमारे ६,००० लिटरची साठवण लागते. अभियंत्यांनी मनाशीच पहिला पर्याय धरला असता, तर टाकी बसली असती, काम पूर्ण झाल्याचा दाखलाही मिळाला असता, आणि स्वच्छतागृहातील नळ दुपारपूर्वीच कोरडे पडले असते.

अभियंत्यांनी प्रश्न पुन्हा पाठविला नाही. त्यांनी असे पत्र लिहिले:

“टाकीच्या क्षमतेचा निर्णय आपण आमच्याकडे सोपविला आहे. त्यानुसार ६,००० लिटर क्षमता, म्हणजे २,००० लिटरच्या तीन टाक्या, धरण्यात येत आहे. यासाठी तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: शाळेत एकूण १२५ जण आहेत, पाणी पिणे, हात धुणे व स्वच्छतागृह या तिन्हींसाठी वापरले जाईल, आणि नळाला पाणी रोज येते. टाक्या छतावर न ठेवता जमिनीवरील चौथऱ्यावर बसविण्यात येतील. यांपैकी काही वस्तुस्थितीस धरून नसल्यास दि. १५ पर्यंत कळवावे. दि. १६ रोजी याच आधारे अंदाजपत्रक तयार करण्यास घेण्यात येईल.”

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांचे उत्तर आले, “बाकी सर्व बरोबर आहे. मात्र नळाला पाणी एक दिवसाआड येते.”

या एका वाक्याने हिशेब बदलला. दोन दिवसांची साठवण म्हणजे ११,२५० लिटर. तीनऐवजी सहा टाक्या. ‘किती क्षमता हवी?’ या प्रश्नाला जे गृहस्थ उत्तर देऊ शकले नव्हते, त्यांनीच ‘नळाला पाणी रोज येते’ या विधानातील चूक पाहताक्षणी दाखविली. मोकळ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा समोर असलेले विधान तपासणे सोपे असते. पर्याय कळविण्याचा खरा उपयोग हा आहे. मात्र त्यासाठी केवळ निर्णय कळवून भागत नाही. तो ज्या गृहीतांवर उभा आहे तीही सांगावी लागतात. ‘६,००० लिटरची टाकी बसवीत आहोत’ एवढेच लिहिले असते, तर मुख्याध्यापकांना त्यात आक्षेपार्ह असे काहीच आढळले नसते. गृहीते थोडीच असावीत आणि वाचणाऱ्याच्या माहितीच्या कक्षेतील असावीत. दरडोई प्रमाण बरोबर की चूक हे मुख्याध्यापक सांगू शकत नाहीत. नळ केव्हा येतो हे तेच सांगू शकतात.

पत्रातील तारखेलाही महत्त्व आहे. बदल कोठवर होऊ शकतो हे कळले म्हणजे समोरची व्यक्ती वेळेवर उत्तर देते; आणि उत्तर न आल्यास काम कशाच्या आधारे पुढे नेले याची नोंद धारिकेत राहते. मुदत मात्र बदल स्वस्तात होऊ शकेल अशा टप्प्यावर ठेवावी. येथे ती अंदाजपत्रकापूर्वीची होती. टाक्या खरेदी झाल्यावर हाच बदल महाग पडला असता.

टाकीच्या जागेबद्दल अभियंत्यांनी वेगळी सावधगिरी बाळगली, तिचे कारण पाहण्याजोगे आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. ६,००० लिटर म्हणजे ६ टन आणि १२,००० लिटर म्हणजे १२ टन भार. जुन्या इमारतीचे छत तो पेलू शकेल की नाही, हे पत्राने ठरत नाही. त्यासाठी इमारतीची तपासणी करावी लागते. क्षमता कमी पडली तर आणखी एक टाकी जोडता येते. छत खचले तर ते नुकसान भरून येत नाही. म्हणून ज्या बाबतीत चूक दुरुस्त होण्यासारखी नसते, तेथे सोयीचा पर्याय बाजूला ठेवून सर्वांत सुरक्षित पर्याय धरावा.

काही बाबतींत मात्र स्वतः पर्याय धरणेच योग्य नव्हे. सहा टाक्यांमुळे खर्च वाढणार होता. तो कोणत्या निधीतून करावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार अभियंत्यांचा नव्हता. सरपंचांनी ‘तेही आपणच पाहा’ असे म्हटले असते, तरी त्या शब्दांनी तो अधिकार त्यांच्याकडे आला नसता. चौथऱ्याची जागा कोणाच्या खाजगी मालकीची निघाली असती, तर तेथेही तसेच. मालकाने मुदतीत उत्तर दिले नाही, एवढ्यावरून त्याची संमती गृहीत धरता येत नाही. अशा ठिकाणी लेखी मंजुरी किंवा संमती येईपर्यंत तेवढा भाग थांबवावा आणि उरलेले काम चालू ठेवावे.

या प्रकरणात तसेच झाले. वाढीव खर्चाचा विषय ग्रामपंचायतीच्या सभेपुढे ठेवण्यात आला; दरम्यान चौथऱ्याची आखणी सहा टाक्यांच्या मापाने करून घेण्यात आली आणि अंदाजपत्रकाच्या पहिल्याच पानावर तिन्ही गृहीते, त्यांतील तिसरे दुरुस्त करून, नोंदविण्यात आली. पुढे नळाला रोज पाणी येऊ लागले किंवा पटसंख्या वाढली, तर कोणता आकडा बदलावयाचा हे नव्याने येणाऱ्या अभियंत्यासही त्या पानावरून समजेल.