नाटकातला ‘कट’ वेगळा असतो

कॉलेजच्या नाटकात माझी कास्टमध्ये निवड झाली, म्हणजे भूमिका मिळाली, आणि पहिल्याच तालमीत मी फसलो. दिग्दर्शक म्हणाले, “हे वाक्य कट.” मी जागच्या जागी थांबलो. सगळे हसले.

शूटिंगमध्ये ‘कट’ म्हटलं की कॅमेरा थांबतो. कॅमेरा सुरू झाल्यापासून तिथपर्यंतचा तुकडा म्हणजे एक टेक. चुकलं तर पुन्हा दुसरा टेक. नाटकाच्या प्रयोगात टेक नसतो. तिथे सीनला प्रवेश म्हणतात, आणि चुकलं तरी तो पुढे न्यायचा.

आमचा ‘कट’ होता स्क्रिप्टमधला, म्हणजे संहितेतला. वाक्य गाळायचं, पेन्सिलीनं खोडायचं, पण सगळ्यांच्या प्रतीत! माझं वाक्य होतं, “आई, वीज गेली.” त्यावर लाइटवाला अंधार करायचा. मी ते खोडलं, त्याच्या प्रतीत तसंच राहिलं. रंगीत तालमीत तो वाट बघत बसला आणि आम्ही लख्ख उजेडात मेणबत्ती शोधत होतो. म्हणून वाक्य गेलं की आधी विचारा, त्यावर कोणाचा क्यू आहे? आम्ही तो आता आईच्या “अगं बाई!”वर ठेवलाय.