विहारात अडखळत नाही, मग वर्गातच का?

आमच्या बेलापूरच्या वसाहतीत सहावीत शिकणारा एक मुलगा आहे. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. रविवारी सकाळी विहारात बुद्धवंदना सुरू झाली की हा मुलगा सर्वांबरोबर स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणतो. एक अक्षर अडत नाही. सोमवारी शाळेत मराठीच्या तासाला धडा वाचायला उभा राहिला, की पहिल्याच शब्दाला त्याचे ओठ मिटतात, मान ताठ होते आणि वर्ग हसू लागतो. गेल्या वर्षी त्याच्या वहीत शेरा आला, 'घरी वाचनाचा सराव घ्यावा. मुलगा मुद्दाम टाळतो.' तो शेरा घेऊन त्याचे वडील आमच्याकडे आले. ते म्हणाले, "दादा, विहारात तर नीट म्हणतो. मग शाळेतच नाटक करतो का हा?"

नाटक नव्हे. विहारातले ते न अडखळणे हाच या दुखण्याचा स्वभाव आहे, आणि वर्गातली वाटही त्यातूनच सापडते. हे आम्हांलाही आधी ठाऊक नव्हते. त्या मुलाच्या निमित्ताने वाचले, तज्ज्ञांना विचारले आणि त्याच्या वर्गशिक्षिका बाईंनी पुढे जे केले ते जवळून पाहिले. तेवढेच येथे मांडतो.

आधी एक गल्लत दूर करू. आपल्याकडे बोबडे बोलणे आणि अडखळणे यांना सरसकट 'तोतरे' म्हणतात. 'र' ऐवजी 'ल' म्हणणारा मुलगा बोबडा. अडखळणाऱ्या मुलाला सगळी अक्षरे येतात, पण शब्द सुरू होताना वाट अडते. कधी 'प-प-प-पाणी' असे अक्षर पुन्हा पुन्हा येते, कधी 'स्स्स्साखर' असे लांबते, तर कधी तोंड उघडते आणि आवाजच फुटत नाही. हे बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होते. साधारण वीस मुलांत एकाला ते केव्हा ना केव्हा होते. बहुतेकांचे आपोआप जाते, आणि मोठेपणी शंभरांत एखाद्याचे उरते. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. घराण्यात चालत येण्याचा भाग त्यात मोठा आहे. बोलण्याची वेळ जुळवणारे मेंदूतले काम थोडे वेगळे चालते, एवढे आता संशोधनातून दिसले आहे. भित्रेपणामुळे, आईबापांच्या रागामुळे किंवा दुसऱ्याची नक्कल केल्यामुळे ते होत नाही. भीतीने ते वाढते मात्र नक्की.

आता विहाराचे कोडे. अनेकांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणताना अडखळणाऱ्या बहुतेक माणसांचे अडखळणे त्या वेळेपुरते जवळजवळ नाहीसे होते. गाण्यातही तसेच. शब्द केव्हा उचलायचा याचा इशारा बाहेरून, शेजारच्या आवाजातून मिळत राहतो, असे तज्ज्ञ समजतात. शेजारचा थांबला की अडखळणे परत येते. म्हणून हा इलाज नव्हे. पण शिक्षकाच्या हाती आलेले हे एक चांगले साधन आहे.

त्याचा पहिला उपयोग ओळख पटवण्यासाठी. बाईंना शंका होती की याला वाचताच येत नाही. त्यांनी मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवले आणि न पाहिलेला परिच्छेद दोघांनी मिळून मोठ्याने वाचला. मुलगा बाईंच्या बरोबरीने सरळ वाचत गेला. ज्याला अक्षरे जुळवणे जड जाते, तो अशा वेळी मागे पडतो, शब्द गाळतो, चुकीचा शब्द वाचतो. हा कुठेच मागे पडला नाही. मग बाईंनी त्याला मनात वाचायला देऊन उत्तरे लिहायला सांगितली. ती बरोबर आली. म्हणजे वाचन पक्के, अडचण तोंडातून शब्द सुटण्याची. (काही मुलांना दोन्ही अडचणी असतात, तेव्हा वाचनाची वेगळी मदत लागतेच.) ज्याला वाचता येते त्याच्याकडून घरी रोज तासभर वाचून घेणे म्हणजे रोज तासभर छळ. वडिलांनी तो त्या दिवसापासून बंद केला.

मग बाईंनी त्यालाच विचारले, की वाचताना सर्वांत वाईट काय वाटते? त्याचे उत्तर आम्हांला अजून आठवते. तो म्हणाला, "माझा नंबर येईपर्यंतचं." वर्गात बाकांच्या ओळीने एकेक परिच्छेद वाचायची पद्धत. हा मुलगा पुढची मुले मोजायचा, आपल्या वाट्याचा परिच्छेद हुडकायचा, त्यातले अवघड शब्द शोधायचा. तोवर धड्यात काय चालले आहे ते त्याला कळतही नसे. नंबर येईपर्यंत घसा आवळलेला. कधी कधी तो 'पर्वत' ऐवजी 'डोंगर' वाचून मोकळा व्हायचा, आणि 'नीट बघून वाच' म्हणून बोलणी खायचा. मुलगा नेहमी अर्थाला धरूनच शब्द बदलत असेल, तर ते बहुधा निष्काळजीपण नसते, अडणारा शब्द चुकवणे असते.

याआधी एका शिक्षकांनी कळवळ्याने त्याला वगळायला सुरुवात केली होती. त्याचा नंबर आला की पुढच्याला उठवायचे. मुलाला पहिले दोन दिवस सुटल्यासारखे वाटले. नंतर वर्गातली मुले त्याला 'सुट्टी' म्हणू लागली. वाचायचे की नाही हे मुलाला न विचारता ठरवले, की दया आणि शिक्षा यांत त्याला फरक दिसत नाही.

बाईंनी दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन गोष्टी बदलल्या. ओळीने वाचणे सर्वांसाठीच बंद केले. कोणालाही, कुठूनही वाचायला सांगू लागल्या. या मुलाशी मात्र खाजगीत ठरले, की त्याला पहिल्या तिघांतच घ्यायचे, म्हणजे वाट पाहणे संपेल. पुस्तक उलटे ठेवलेले दिसले तर 'आज नको'. ती खूण त्याने महिन्यात दोनदाच वापरली. हजेरीलाही 'हजर' म्हणा किंवा हात वर करा, असे सर्वांनाच सांगितले. कारण स्वतःचे नाव आणि 'हजर' या शब्दांना पर्याय नसतो आणि तेच सर्वांत जास्त अडतात.

दुसरा बदल जोडीवाचनाचा. सगळा वर्ग दोघादोघांनी वाचेल, म्हणजे हा एकटा वेगळा पडत नाही. त्याचा जोडीदार त्यानेच निवडला. पहिले दोन आठवडे दोघांनी पूर्ण परिच्छेद एका आवाजात वाचला. पुढचे दोन आठवडे जोडीदाराने आवाज हळू केला. त्यानंतर जोडीदार फक्त पहिले वाक्य बरोबर म्हणे आणि मग गप्प बसून ओळीवर बोट ठेवी. घाई मात्र करायची नाही. एकदा पाहुणे तपासणीस आले असता जोडीदाराला एकदम बसवले गेले, तेव्हा मुलगा पार अडला आणि आठवडाभर पुस्तक उलटे राहिले. तेव्हा पुन्हा एक पायरी मागे जाऊन सुरुवात करावी लागली. एकट्याने वाचताना तो आजही अडखळतो. पण परिच्छेद पुरा करतो, आणि छापलेला शब्दच वाचतो.

सरावाबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तोच उतारा लागोपाठ पाच वेळा वाचला तर अडखळणे पुष्कळ कमी होते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या दोनतीन वाचनांतच होते. पण ही घट काही तासांत ओसरते. म्हणून आदल्या रात्री दहादा घोकून सकाळी उपयोग होत नाही, आणि आईबाप म्हणतात, "रात्री तर येत होतं!" वाचायचेच असेल तर तासाच्या थोडे आधी, जोडीदाराबरोबर दोनतीनदा वाचावे, पुरे.

जानेवारीत विज्ञानाचे प्रकल्प सादरीकरण आले. याचा विषय बेलापूरच्या खाडीतली खारफुटी. म्हणजे जो शब्द त्याला सर्वांत जड, तोच पानोपानी. विषय बदलू का, असे बाईंनी विचारले. तो नको म्हणाला. मग असे केले. पहिल्यांदा तिघा मित्रांपुढे, दोन दिवसांनी सहा जणांपुढे, मग वर्गापुढे. पाच मिनिटांची मर्यादा त्याच्यापुरती काढली. गुणांचे खाते आधीच सांगितले: माहिती, मांडणीचा क्रम, चित्र आणि प्रश्नांची उत्तरे. 'ओघवते बोलणे' याला गुण नाहीत, कोणालाच नाहीत. पाठ करायला मनाई केली. तक्त्यावर चार चित्रे आणि त्यांवरून बोलायचे. कारण पाठ केलेल्या वाक्यातला शब्द अडला की सुटायला वाटच राहत नाही.

सुरुवातीला तो स्वतःच म्हणाला, "मी बोलताना अडखळतो. थोडा वेळ लागेल. शब्द तुम्ही सांगू नका." हे सांगायचे की नाही, हे त्याच्यावर सोडले होते. लपवण्याची धडपड गेली की निम्मा ताण जातो. 'खारफुटी'ला तो सात-आठ वेळा अडला, एकदा तर बराच वेळ. बाई त्याच्याकडे पाहत स्वस्थ बसल्या. मुळे पाण्याबाहेर का येतात, या प्रश्नाचे उत्तर त्याने अडखळतच, पण पूर्ण दिले, की चिखलात हवा नसते म्हणून ती वर येऊन श्वास घेतात. नऊ मिनिटे लागली.

या मुलाला आता वाचा-उपचारही सुरू आहेत. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयात वाचा-उपचार विभाग आहे. बेलापूरहून हार्बरने वडाळ्याला गाडी बदलून वांद्र्याला जाता येते. अडखळणे सहा महिन्यांहून जास्त टिकले, किंवा मूल बोलणे टाळू लागले, तर वाट पाहू नये. जिभेला वेखंड-अक्कलकारा चोळणे, तोंडात गोट्या धरून बोलायला लावणे, जीभ कापून घेणे यांनी अडखळणे जात नाही. गोटी घशात अडकण्याचा धोका मात्र असतो. उपचारांनीही प्रत्येकाचे अडखळणे पूर्ण जात नाही. म्हणूनच वर्ग कसा चालतो याला महत्त्व.

बाई रजेवर गेल्या की बदली शिक्षक येतात, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आता मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर बाईंच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवलेली आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी ती उतरवून शिक्षकांना द्यावी:

'याला वाचता येते, बोलताना अडखळतो. पहिल्या तिघांत उठवा, किंवा जोडीने वाचू द्या. अडला तर शब्द सांगू नका. सावकाश, श्वास घे, पुन्हा बोल असेही म्हणू नका. त्याच्याकडे पाहून थांबा. काय बोलला ते ऐका आणि त्यावरच पुढचा प्रश्न विचारा. पुस्तक उलटे असेल तर आज त्याला सोडा, उद्या विचारा.'